या चुका टाळा: रागाच्या भरात लिहिलेला रिव्ह्यू

गेल्या वर्षी श्रावणात अकोल्याहून माझी आत्या, तिची दोन मुले, सुना आणि नात अशी सहा माणसे ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी येणार होती. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री नाशिकमध्ये खोली मिळणे किती अवघड असते हे ठाऊक असल्यामुळे मी पंचवटीतल्या एका लॉजमध्ये फोनवरून दोन खोल्या घेतल्या आणि प्रत्येकी १,००० प्रमाणे २,००० रुपये आगाऊ पाठवले. गाडी उशिरा आली. नाशिकरोडहून रिक्षाने लॉजवर पोहोचेपर्यंत रात्रीचे सव्वाअकरा वाजले, आणि तिथे दोनऐवजी एकच खोली हाती आली. आत्या जमिनीवर सतरंजी अंथरत असताना मी बाहेरच्या पॅसेजमध्ये उभा राहून मोबाइलवर एक तारा दिला आणि लिहिले:

“अत्यंत भिकार लॉज. पैसे घेऊन सरळ फसवतात. म्हाताऱ्या माणसांना दोन तास रिसेप्शनवर उभे ठेवले. मॅनेजर मुजोर आहे. कोणीही इथे पाय ठेवू नका.”

‘पोस्ट’चे बटण दाबण्याआधी बॅटरी संपली, म्हणून हा मजकूर तसाच राहिला. सकाळी तो पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले की, पुढच्या श्रावणात याच लॉजमध्ये खोली घेऊ पाहणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट त्या पाच वाक्यांत नव्हती.

राग नेमके काय बिघडवतो

रागावलेल्या माणसाला घडलेल्या गोष्टीमागे परिस्थितीपेक्षा कोणाचा तरी हेतू आधी दिसतो. मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही हे आढळले आहे की, तीच घटना रागात असलेले लोक माणसांच्या दोषाशी जोडतात, तर दुःखी असलेले लोक परिस्थितीशी. माझे ‘फसवतात’ हे क्रियापद तिथूनच आले होते. मला एक खोली मिळाली नाही एवढेच मी पाहिले होते. फसवण्याचा बेत मी पाहिलेला नव्हता.

वाचणाऱ्यालाही हे जाणवते. ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या संशोधन नियतकालिकात २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, काळजीच्या सुरात लिहिलेले रिव्ह्यू वाचकांना रागाच्या सुरातल्या रिव्ह्यूंपेक्षा अधिक उपयुक्त वाटतात, कारण रागावलेल्या लेखकाने फारसा विचार करून लिहिलेले नाही असा त्यांचा समज होतो. त्याच नियतकालिकात २०२१ साली आलेल्या पुढच्या अभ्यासाने यातली दुसरी बाजू दाखवली: असा रिव्ह्यू वाचकाला उपयुक्त वाटत नाही, तरीही त्या व्यवसायाविषयीचे त्याचे मत मात्र खाली जाते. मला ही बाब सर्वांत गंभीर वाटते, कारण माहिती काहीच न देता आपण एखाद्याच्या धंद्याचे नुकसान करू शकतो, आणि तो दोषी आहे की नाही हे तेव्हा आपणच नीट तपासलेले नसते.

पुरावा लगेच, प्रकाशन नंतर

थंड डोक्याने लिहायचे म्हणजे सगळेच उद्यावर टाकायचे, असा याचा अर्थ नाही. तपशील लवकर पुसट होतात, म्हणून वेळा, बोललेली वाक्ये, पावती आणि फोटो त्याच रात्री जपून ठेवावेत. रागातला मजकूरही हवा तर लिहावा, पण मोबाइलच्या नोट्समध्ये. रिव्ह्यूच्या रकान्यात नव्हे.

सकाळी मी फोन उघडून बसलो. रिक्षाचे पैसे यूपीआयने दिल्याची वेळ रात्री ११:१२ होती आणि खोलीत शिरल्यावर काढलेल्या पहिल्या फोटोवर ११:४८ अशी नोंद होती. म्हणजे ‘दोन तास’ हे प्रत्यक्षात जेमतेम ३६ मिनिटे होते. त्यानंतर बुकिंगचा व्हॉट्सॲप संदेश पुन्हा वाचला. त्यात दोन खोल्यांची नोंद स्पष्ट होती, पण खाली आणखी एक ओळ होती: “रात्री ९ नंतर येणार असल्यास फोन करावा, अन्यथा रूम सोडली जाईल.” ती ओळ मी बुकिंगच्या दिवशी वाचली नव्हती, आणि गाडीला उशीर होत असताना फोनही केला नव्हता. चूक माझी होती.

इथे अनेक जण रिव्ह्यूच सोडून देतात, तेही चुकीचे आहे, कारण तपासानंतर खरी तक्रार उलट स्पष्ट झाली. लॉजने दुसरी खोली दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली होती, म्हणजे तिचे भाडे त्यांना मिळाले होते. तरीही त्या खोलीचे माझे १,००० रुपये परत करायला मॅनेजरने सकाळी नकार दिला. बोट ठेवण्याजोगी चूक ही होती, आणि रात्रीच्या मजकुरात तिचा उल्लेखही नव्हता.

मजकूर पुन्हा कसा बांधावा

जुन्या मजकुरातले प्रत्येक वाक्य घेऊन एकच प्रश्न विचारावा: हे मी पाहिले किंवा ऐकले, की मी त्यावरून ठरवले? पाहिलेले ठेवावे. ठरवलेले काढून त्याच्या जागी ते ज्या घटनेवरून ठरवले ती घटना लिहावी. ‘मुजोर’ हा शब्द मी कशावरून वापरला होता? “आता काही होणार नाही, सकाळी बघू,” असे म्हणून मॅनेजर आत निघून गेला होता, त्यावरून. मग तेच वाक्य लिहावे. ते मुजोर होते की थकलेल्या माणसाचे होते, हे वाचक ठरवील. कर्मचाऱ्याचे नाव घालू नये. ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्दही टाळावेत, कारण सिद्ध न करता येणारा आरोप बदनामीच्या तक्रारीला वाट करून देतो.

त्यानंतर क्रम बदलावा. राग शेवटच्या प्रसंगापासून सुरुवात करतो, तर वाचकाला आधी संदर्भ हवा असतो: कोणता दिवस, काय घेतले, किती पैसे दिले. पुढे काय घडले, आपण काय मागितले, त्यांनी काय उत्तर दिले आणि आपल्याकडून काय राहिले, हे त्याच ओघात यावे. तारे अगदी शेवटी द्यावेत. मंगळवारी मी टाकलेला रिव्ह्यू असा होता:

“तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्रीसाठी दोन खोल्या घेतल्या, आगाऊ २,००० रुपये. रात्री ९ नंतर येणार असल्यास फोन करण्याची अट संदेशात होती. आम्ही फोन केला नाही आणि ११:१५ ला पोहोचलो. एक खोली दुसऱ्यांना दिली होती. खोली देण्याआधी लॉजकडून आम्हाला फोन आला नाही. मिळालेली खोली स्वच्छ होती आणि पहाटे ४ वाजता गरम पाणी मिळाले. दुसऱ्या खोलीचे १,००० रुपये मागितले असता नकार मिळाला. उशिरा येणाऱ्यांनी आधी फोन करावा आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी.” दोन तारे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. अन्नातून विषबाधा, उघड्या विजेच्या तारा किंवा महिलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर थांबू नये. आधी ११२ वर किंवा संबंधित यंत्रणेकडे कळवावे आणि रिव्ह्यूत फक्त घडलेली गोष्ट दोन ओळींत लिहावी. पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीचे काम रिव्ह्यूकडून करून घेण्याच्या प्रयत्नातच त्यात धमकीचा सूर येतो.

शेवटची चूक म्हणजे टाकलेल्या रिव्ह्यूकडे पुन्हा न पाहणे. गूगल मॅप्सवर आपला रिव्ह्यू नंतर बदलता येतो. आमच्या बाबतीत लॉजच्या मालकांनी रिव्ह्यूखाली उत्तर देऊन यूपीआयचा तपशील मागितला आणि गुरुवारी १,००० रुपये जमा झाले. मी आधीचा मजकूर तसाच ठेवून खाली तारखेसह एक ओळ जोडली, “रक्कम गुरुवारी परत मिळाली,” आणि दोनाचे तीन तारे केले.