काळांची सरमिसळ? क्रियापदांखाली रेघ मारा

दहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी आली: ‘सर, इंग्रजी लिहिताना माझे काळ सारखे मिसळतात. रोज काय सराव करू?’ सोबत तिचंच वाक्य: ‘यस्टरडे आय वेन्ट टू द शॉप अँड सी इट इज क्लोज्ड.’ म्हणजे आपलं ‘दुकानात गेले, बघते तर बंद!’ मराठीत हे झकास चालतं, इंग्रजीत तिथेच घोळ होतो.

तिला हा १० मिनिटांचा सराव दिला:

१. कालच्या एकाच प्रसंगावर ५ वाक्यं लिही. लिहिताना काळाची चिंता नको.
२. मग फक्त क्रियापदांखाली रेघ मार आणि प्रत्येकाला विचार, हे कालचं ना? तिच्या वाक्यात ‘वेन्ट’ तसंच राहिलं; ‘सी’चं ‘सॉ’ झालं, ‘इज’चं ‘वॉज’.
३. तोच मजकूर ‘एव्हरी डे’ने सुरू करून पुन्हा लिही: गो, सी, इज. हा उलटा फेरा कंटाळवाणा वाटतो, पण चूक दिसायला लागते ती इथेच.

एक सांभाळायचं: ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं. दुरुस्तीच्या भरात ‘डिड नॉट वेन्ट’ हमखास लिहिलं जातं.