‘लोखंडी कुऱ्हाड’ यादीत चार वेळा का येते?

माहिती साफ करण्याच्या कामात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात हमखास एक कोडं पडतं. दोन नोंदी अक्षरशः सारख्या दिसतात, तरी सॉफ्टवेअर त्यांना वेगळं मानतं. तो दोन्ही पुन्हा पुन्हा वाचतो, फॉन्ट मोठा करतो आणि शेवटी सॉफ्टवेअरलाच दोष देतो. सॉफ्टवेअर मात्र बरोबर असतं. आपण आकार वाचतो, ते प्रत्येक अक्षराचा क्रमांक वाचतं. ज्या नोंदीने मला हे नीट समजलं, ती इथे पूर्ण उलगडून दाखवते.

दोन विभागांच्या साठ्याच्या याद्या एकत्र करून नव्या प्रणालीत चढवायच्या होत्या. एकाच नावाची वस्तू दोनदा येऊ नये, अशी अट त्या प्रणालीत होती. याद्या चढल्या, एकही तक्रार आली नाही, आणि नंतर अहवालात ‘लोखंडी कुऱ्हाड’ चार ओळींत निघाली. साठा चार ठिकाणी विभागला गेलेला, त्यामुळे चारही ओळी ‘साठा कमी’ असा इशारा देत होत्या. प्रत्यक्षात कुऱ्हाडी पुरेशा होत्या.

अशा वेळी बहुतेक जण आधी `LEN` लावून लांबी मोजतात. ते करावंच, पण त्यावर थांबू नये. आमच्या चार ओळींची लांबी अनुक्रमे १४, १४, १५ आणि १५ आली. म्हणजे शेवटच्या दोन ओळींत काहीतरी जास्तीचं आहे एवढं कळलं, पण पहिल्या दोन सारख्याच लांबीच्या असूनही वेगळ्या का, याचं उत्तर लांबीत मिळणार नव्हतं. (लांबी मोजताना मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणून आकडा आपल्या अंदाजापेक्षा मोठा येतो. त्याला घाबरू नका.)

खरं उत्तर कोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकात असतं. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे सूत्र एका ओळीतल्या सगळ्या अक्षरांचे क्रमांक ओळीने मांडून देतं:

```
=TEXTJOIN(" ",TRUE,UNICODE(MID(A2,SEQUENCE(LEN(A2)),1)))
```

आवृत्ती जुनी असेल, तर `=UNICODE(MID(A2,7,1))` असं एकेक स्थान तपासता येतं. आमच्या पहिल्या ओळीचे क्रमांक असे आले:

```
2354 2379 2326 2306 2337 2368 32 2325 2369 2353 2381 2361 2366 2337
```

देवनागरीची नेहमीची सगळी चिन्हं २३०४ ते २४३१ या पट्ट्यात बसतात. एवढं एक लक्षात ठेवलं की परका पाहुणा लगेच नजरेत भरतो. वरच्या ओळीत पट्ट्याबाहेरचा एकच क्रमांक आहे, ३२, म्हणजे साधी स्पेस. ही ओळ निर्दोष.

दुसऱ्या ओळीत सगळं तसंच होतं, फक्त सातव्या जागी `32` ऐवजी `160`. ही न तुटणारी स्पेस. दोन शब्द ओळीच्या शेवटी एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ती वापरतात आणि वेब पानांवर ती जागोजागी असते. पानावरचा तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवला की ती सोबत येते. साध्या स्पेसच्या जागी ती बसली, म्हणून लांबी बदलली नाही. आणि `TRIM` तिला हातही लावत नाही, कारण एक्सेलचं `TRIM` फक्त ३२ क्रमांकाची स्पेस ओळखतं. `CLEAN` ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रक चिन्हं काढतं, म्हणून तेही इथे निरुपयोगी. ‘`TRIM` लावलंय, आता स्पेसचा प्रश्न नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी आधी १६० शोधते.

तिसऱ्या ओळीत शेवटी `8203` निघाला. ही शून्य रुंदीची स्पेस. तिला लांबी मोजताना जागा असते, पडद्यावर नसते. तिला रुंदीच नसल्यामुळे शेवटी आहे की मधे, हे निवड करून किंवा रंग देऊनही दिसत नाही. पायथॉन वापरणाऱ्यांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा: तिथलं `strip()` टोकाची १६० काढून टाकतं, पण ८२०३ काढत नाही, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती मोकळी जागा म्हणून धरलेलीच नाही.

चौथी ओळ आपल्या लिपीची खास, आणि सगळ्यात जास्त काळजी तिचीच घ्यावी लागते. दुसऱ्या शब्दाचे क्रमांक असे होते:

```
2325 2369 2352 2381 8205 2361 2366 2337
```

पहिल्या ओळीत त्याच जागी `2353 2381` होते, इथे `2352 2381 8205` आहेत. ‘ऱ्ह’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी उमटतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र घेऊन पाय मोडतात आणि पुढे एक अदृश्य जोडणारं चिन्ह, म्हणजे ८२०५, ठेवतात. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर यातलं काय उमटेल हे ठरतं, आणि टंकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. युनिकोडचं प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही.

आता नेमकी इथे नवी माणसं एक घाईचा उपाय करतात: इंटरनेटवर मिळालेलं ‘सगळी अदृश्य चिन्हं काढा’ असं सूत्र पूर्ण यादीवर चालवतात. ते कृपा करून करू नका. ८२०५ नुसता उडवला की मागे साधा र आणि पाय उरतो, तो पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो, आणि ‘कुर्‍हाड’चं ‘कुर्हाड’ होतं. हे निदान चुकीचं दिसतं म्हणून सापडेल तरी. पण डोंगरांमधल्या ‘दर्‍या’ घेतल्या आणि तेच केलं, तर ‘दर्या’ उरतो, म्हणजे समुद्र. शब्द शुद्ध आहे, शुद्धलेखन तपासणीतही तो अडकणार नाही, आणि मूळ नोंद परत आणायला मार्ग राहणार नाही.

म्हणून मी मूळ स्तंभाला कधीच हात लावत नाही. त्याच्या शेजारी B, C आणि D असे वेगळे स्तंभ करते, सगळी साफसफाई तिथे चालते आणि शेवटचा D हा तुलनेचा स्तंभ. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी र, पाय आणि ८२०५ या तिघांच्या जागी ऱ आणि पाय:

```
=SUBSTITUTE(A2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

हे झाल्यावर उरलेले ८२०५ आणि त्याचा न जोडणारा भाऊ ८२०४ तुलनेपुरते काढायला हरकत नाही, कारण तिथे ते मुख्यतः जोडाक्षर कसं दिसावं एवढंच ठरवतात. ८२०३ सोबतच जातो:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(8203),""),UNICHAR(8204),""),UNICHAR(8205),"")
```

आणि शेवटी १६० ची साधी स्पेस करून मगच `TRIM`. उलट क्रमाने केलं तर टोकाला असलेली १६० नंतर साधी स्पेस होते आणि तशीच लटकत राहते.

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160)," "))
```

सूत्रं लावल्यावर कुऱ्हाडीच्या चारही ओळींची लांबी १४ झाली आणि कोडची ओळही तंतोतंत एक आली. ही दुसरी तपासणी वगळू नका, नुसती लांबी जुळणं पुरेसं नाही हे वर दिसलंच आहे.

त्याच यादीत पाइपांचा वेगळा घोळ होता. एका विभागाने `2" पाइप` असं इंचाचं चिन्ह सरळ टंकलं होतं, त्याचा क्रमांक ३४. दुसऱ्याने यादी आधी वर्ड प्रोसेसरमध्ये केली होती, आणि त्याने आपणहून त्या चिन्हाचं वळणदार अवतरण करून टाकलं, क्रमांक ८२२१. हा फरक बारकाईने पाहिला तर दिसतो, तरी तो सहज निसटतो, कारण क्रम लावल्यावर या दोन नोंदी शेजारी येतच नाहीत. अनेक प्रणाली क्रमांकावरून क्रम लावतात. ३४ हा शून्याच्या अंकापेक्षा, म्हणजे ४८ पेक्षा, लहान, म्हणून सरळ चिन्हाचा दोन इंची पाइप `20"` आणि `25"` यांच्या वर येतो. ८२२१ अंकांपेक्षा खूप मोठा, म्हणून वळणदार चिन्हाचा तोच पाइप `25"` च्याही खाली जातो. मधे तीस ओळी असतील, तर कोणाच्या लक्षात येणार? तुलनेच्या स्तंभात ८२२१ आणि इंचाचं खास चिन्ह ८२४३, दोन्हींचं `UNICHAR(34)` करा. मजकुरातल्या खऱ्या अवतरणांना मात्र हात लावू नका, तिथे वळणदार चिन्हंच योग्य आहेत.

क्रमांकावरून लावलेला क्रम शोधालाही उपयोगी पडतो. मराठी नोंदीच्या सुरुवातीलाच १६० असेल, तर ती नोंद ‘अ’च्याही वर जाते, कारण १६० देवनागरीच्या पट्ट्यापेक्षा लहान आहे. सुरुवातीला ८२०३ असेल, तर ती ‘ह’च्याही खाली पडते. म्हणून यादी हातात आली की मी पहिली आणि शेवटची काही पानं आधी चाळते. भाषेच्या नियमांनी क्रम लावणाऱ्या प्रणालीत मात्र ही खूण चालत नाही. तिथे शून्य रुंदीची चिन्हं बहुधा दुर्लक्षित होतात आणि दोन्ही नोंदी गुपचूप शेजारी बसतात.

सीएसव्ही फाइलमध्ये फक्त पहिल्याच स्तंभाचं नाव सापडत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर फाइलच्या अगदी सुरुवातीला `U+FEFF`, म्हणजे ६५२७९ क्रमांकाचं अदृश्य चिन्ह, आहे असं समजा. एक्सेलमधून ‘CSV UTF-8’ म्हणून जतन केलेल्या फाइलमध्ये ते येतं. पायथॉनमध्ये फाइल `utf-8-sig` म्हणून उघडली की प्रश्न मिटतो.

तुलनेचा स्तंभ जुळला म्हणजे नोंदी आपोआप एक कराव्यात असं नाही. मी जुळलेल्या ओळींचे गट करून, मूळ नाव, साठा आणि विभाग शेजारी ठेवून, ते साठा सांभाळणाऱ्याकडे पाठवते. नाव एकच असलं, तरी एका विभागाची कुऱ्हाड लहान दांड्याची आणि दुसऱ्याची मोठ्या दांड्याची असू शकते, आणि ते कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ‘कुऱ्हाड’ आणि ‘कूऱ्हाड’ असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही या सूत्रांनी पकडला जात नाही, तो वाचूनच शोधावा लागतो. आमच्या प्रणालीत आता ‘दोनदा नको’ ही अट नावाच्या स्तंभावर नाही, तुलनेच्या स्तंभावर आहे, त्यामुळे वेगळ्या कीबोर्डवरून आलेली कुऱ्हाड नोंदवतानाच अडते.