पहिला पगार आणि पगाराची चिठ्ठी: बावीस हजारांचे अकरा हजार कसे झाले, ते कसं तपासायचं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुजयचा पहिला पगार सात जुलैला झाला. रबाळे एमआयडीसीतल्या एका मालवाहतूक कंपनीत तो क्लार्क म्हणून लागला होता. त्याचे वडील, आमचे भाऊ, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. घणसोलीच्या आमच्या सिम्प्लेक्स वसाहतीत निम्म्याहून जास्त घरं तशीच. त्याच्या आईने, म्हणजे वहिनींनी, पेढे आणून ठेवले होते, भिशीचे दोन हजार कोणत्या तारखेला द्यायचे तेही ठरलं होतं. बँकेचा मेसेज आला ११,२२६ रुपयांचा.

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. नेमणूकपत्रात वर्षाला २,६३,६५२ असं लिहिलेलं होतं. घरात त्याला बाराने भागून सगळ्यांनी 'बावीस हजार' पाठ करून ठेवलं होतं. "निम्मा पगार कुणी खाल्ला?" हा भाऊंचा पहिला प्रश्न. मार्केटात मुकादमाच्या हिशेबावर नजर ठेवतच आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय विचारणार? सुजय फोन आणि नेमणूकपत्र घेऊन वर माझ्याकडे आला, कारण मी तुर्भ्यातल्या एका कारखान्यात चौदा वर्षं पगारपत्रकंच करते. त्या रात्री आम्ही ज्या क्रमाने हिशेब तपासला, तोच इथे देते.

पहिल्यांदा कपातीचा रकाना बघूच नका. आधी नेमणूकपत्र उघडा आणि वर्षाच्या आकड्यात काय काय घातलंय ते बघा. हा आकडा म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च. तो पगार नव्हे. सुजयचे महिन्याचे २१,९७१ असे बनले होते: मूळ पगार १४,०००, घरभाडे भत्ता ५,०००, कंपनीचा प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा १,६८०, ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेतला कंपनीचा वाटा ६१८ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ६७३. यातले पहिले दोनच आकडे पगाराच्या चिठ्ठीवर कमाई म्हणून येतात. म्हणजे सुजयचा खरा एकूण पगार १९,०००. उरलेले २,९७१ त्याच्या नावाने खर्च होतात, पण महिन्याला हातात पडत नाहीत. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग काढल्यावर मिळते. कंपन्या हे आकडे एकत्र करून मोठा आकडा ठळक छापतात, याचा मला मनापासून राग आहे. बेकायदा नाही, पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पगारावर लागलंय तिथे हमखास फसगत होते.

"मग एकोणीस तरी कुठायत?" वहिनी जिन्यातूनच म्हणाल्या. त्याही मागोमाग आल्या होत्या.

आता चिठ्ठीवर सगळ्यात वर, नावाखाली, बारीक अक्षरात असलेला आकडा शोधा: पगारी दिवस. हा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि पहिल्या महिन्यात खरी गफलत इथेच होते. सुजय नऊ जूनला रुजू झाला. जूनचे दिवस तीस, म्हणजे नऊ ते तीस धरून बावीस दिवस पगारी. सुट्टीचे रविवार त्यात येतात. चिठ्ठीवर होते वीस. मूळ पगार १४,००० ला तीसने भागून वीसने गुणलं की ९,३३३, घरभाडे ५,००० चे तसेच ३,३३३, मिळून १२,६६६. चिठ्ठीतली बेरीज बरोबर होती, दिवस चुकीचे होते.

"पहिले दोन दिवस तू कुठे होतास?" मी विचारलं.

"ट्रेनिंगला, काकू. वरच्या मजल्यावर. अंगठ्याचं मशीन अजून चालू केलं नव्हतं माझं."

झालं. मशीनवर हजेरी नाही म्हणजे पगारपत्रकात बिनपगारी. यात कुणाचं पाप नसतं, पगार करणाऱ्याच्या हातात मशीनची यादी येते आणि तो तीच भरतो. पण बोललं नाही तर ते पैसे आपोआप परत येत नाहीत. माझ्याच कारखान्यात एका पोराने असे तीन दिवस पाच महिन्यांनी सांगितले, तेव्हा त्या दिवसांचा साहेब नोकरी सोडून गेला होता आणि सही करायला कोणी तयार होईना.

दिवस पक्के झाले की मग कपाती. सुजयच्या चिठ्ठीवर चार होत्या, मिळून १,४४०.

प्रॉव्हिडंट फंड १,१२०. मूळ पगार आणि महागाई भत्ता असेल तर तो धरून, त्याच्या १२ टक्के. ९,३३३ चे १२ टक्के बरोबर १,१२० येतात. घरभाड्यावर फंड कापत नाहीत. तुमचा आकडा जुळला नाही तर मूळ पगाराखेरीज एखादा 'विशेष भत्ता' दरमहा सगळ्यांना मिळतो का बघा. तसा भत्ता फंडाच्या हिशेबात धरावा लागतो, त्यामुळे कपात जास्त दिसते आणि ती योग्य असते.

ईएसआय ९५. एकूण पगाराच्या पाऊण टक्का, वरचे पैसे पुढच्या रुपयात धरून. महिन्याचा एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तरच ही कपात लागू. कंपनी त्यावर सव्वातीन टक्के भरते. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी कपात लगेच थांबत नाही, सप्टेंबर किंवा मार्च अखेर, जो आधी येईल, तोपर्यंत चालू राहते. त्याबद्दल भांडायला जाऊ नका.

व्यवसाय कर २००. यात दिवसांचा हिशेब नाही. महाराष्ट्रात पुरुषाचा त्या महिन्याचा पगार १०,००० च्या वर गेला की सरसकट २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. सुजय म्हणाला, "माझ्याच सोबत लागलेल्या मुलीचे कापले नाहीत, पगार तोच." बरोबर आहे, बायकांना २५,००० पर्यंत हा कर नाही. शेजारच्या टेबलाची चिठ्ठी बघून गैरसमज होतो तो बहुधा याच ओळीवर.

शेवटचे २५ रुपये कामगार कल्याण निधीचे. जून आणि डिसेंबरच्या पगारातूनच जातात.

आयकर कापलेला नव्हता. या पगाराला तो लागतही नाही. इतक्या पगारावर कुणाच्या चिठ्ठीत टीडीएस दिसला तर मात्र थेट विचारा.

बेरीज जुळली: १२,६६६ वजा १,४४० म्हणजे ११,२२६. पूर्ण महिना भरला की १९,००० तून १,६८०, १४३ आणि २०० जाऊन हातात १६,९७७ येतील, हे मी पेढ्याच्या बिलाच्या मागेच लिहून दिलं. वहिनींनी घडी करून ते पाकिटात ठेवलं. भिशी त्यात बसत होती.

"आन् ह्ये फंडाचं खरंच भरत्यात का नुसतं कापत्यात?" भाऊ आता दारात उभे होते. सगळ्यात शहाणा प्रश्न त्यांचाच.

चिठ्ठीवर कपात दिसली म्हणजे पैसे भरले असं नाही. जूनचा फंड कंपनीने पंधरा जुलैपर्यंत भरायचा असतो. चिठ्ठीवर यूएएन हा बारा अंकी नंबर असतो, तो घ्या. नसेल तर मागून घ्या. महिनाअखेरीस उमंग ॲपमध्ये ईपीएफओची पासबुक उघडा. सुजयने उघडली तेव्हा तीन रकाने होते: त्याचे १,१२०, कंपनीचे ३४३ आणि पेन्शनचे ७७७. वहिनी लगेच म्हणाल्या, कंपनीने निम्मेसुद्धा भरले नाहीत. तसं नाही. कंपनीही १२ टक्केच भरते, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. ३४३ आणि ७७७ मिळवा, १,१२० होतात. पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसणार नाही. ते पैसे दहा वर्षं नोकरी भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन म्हणून येतात. त्याच ॲपमध्ये नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का बघा. एका अक्षराचा फरक आज फुकट दुरुस्त होतो, पुढे पैसे काढताना तोच आडवा येतो.

पासबुकात दोन महिने काहीच दिसलं नाही तर चिठ्ठ्या जपून ठेवा आणि आधी कंपनीला लेखी विचारा. ठाण्याकडच्या लोकांना फंडाचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे, तिथे जाताना तीच चिठ्ठी पुरावा.

ईएसआयच्या ९५ रुपयांचं काम मी त्या रात्रीच करायला लावलं. विमा क्रमांक मिळाला की घरच्यांची नावं त्यात नोंदवायची. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात, पण त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत हवं. भाऊंचं बसत नाही, त्यांना कोपरखैरण्याचं माथाडी हॉस्पिटल आहेच. वहिनींची साखरेची औषधं मात्र वाशीच्या ईएसआय रुग्णालयातून मिळू शकतात. आजवर त्या दर महिन्याला मेडिकलमधून विकत घेत होत्या.

राहिले ते दोन दिवस. असा मजकूर तोंडी सांगू नका, मेल करा, आणि त्यात 'पगार कमी आला' असं लिहू नका. पगार करणाऱ्याला शोधायला लागणार नाही असं लिहा. सुजयकडून मी हे लिहून घेतलं:

"जून महिन्याच्या चिठ्ठीत माझे पगारी दिवस २० दाखवले आहेत. मी ९ जूनला रुजू झालो. ९ आणि १० जूनला प्रशिक्षणात होतो, तेव्हा हजेरी मशीनवर माझी नोंद झालेली नव्हती. प्रशिक्षणाच्या हजेरीपटाचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया दोन दिवसांची थकबाकी जुलैच्या पगारात द्यावी."

हजेरीपटाचा फोटो त्याने दुसऱ्या दिवशी मिळवला. मेल महिन्याच्या वीस तारखेच्या आत गेलेला बरा, कारण बऱ्याच ठिकाणी त्यानंतर पगारपत्रक बंद होतं आणि दुरुस्ती आणखी एक महिना लांबते.

ऑगस्टमध्ये मेसेज आला १८,१२३ रुपयांचा. वहिनींनी पेढ्याच्या बिलाची घडी उघडली, १६,९७७ वाचलं आणि वर हाक मारली, "अहो, ह्यावेळी जास्त कसे आले?" मी जिन्यात पोचेपर्यंत सुजय समजावत होता: थकबाकीचे १,२६८ मिळाले, त्यातून फंडाचे ११२ आणि ईएसआयचे १० गेले, व्यवसाय कर दुसऱ्यांदा लागला नाही. भाऊ ऐकत बसले होते. मग उठून त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातल्या माथाडी मंडळाच्या जुन्या चिठ्ठ्या पोरापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "आता ह्ये बघ. माझा फंड किती झालाय?"