नव्या शिफ्टची नोटीस लावताय? आधी या चुका टाळा

शिफ्ट बदलल्याची नोटीस बोर्डावर लागली की कामगार तिच्यात आपल्यापुरता भाग शोधतो. माझी पहिली नाईट कधी? कंपनीची बस उशिरा आली तर लेट मार्क कोणाच्या नावावर? मशिनवर बोट उमटलंच नाही तर हजेरीचं काय? याची उत्तरं कागदावर नसली की ती सुपरवायझर देतो, प्रत्येक लाईनवर वेगळी देतो, आणि माणूस बघून देतो. कामगारांना खरा राग येतो तो इथे. सकाळी सातला यायला फारशी कोणाची ना नसते, पण सात-दहाला आलेल्या एकाला आत घेतलं आणि दुसऱ्याला गेटवरून परत पाठवलं, तर ते कोणी विसरत नाही.

एमआयडीसीतला एक छोटा मशिनिंगचा कारखाना धरू. कामगार 120. आतापर्यंत दोन शिफ्ट होत्या, सकाळी 7 ते 3:30 आणि दुपारी 3:30 ते रात्री 12. ऑर्डर वाढल्या म्हणून आता तीन करायच्या आहेत: 7 ते 3, 3 ते 11 आणि रात्री 11 ते 7. अशा वेळी बोर्डावर सहसा हा मजकूर लागतो:

"सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की, व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार उद्यापासून कारखाना तीन पाळ्यांमध्ये चालेल. सर्वांनी वेळेचे काटेकोर पालन करावे. तीन वेळा उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल. कसूर करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल."

चारच वाक्यं आहेत, पण भांडणाला पुरेशी आहेत.

"उद्यापासून"

कामाचे तास, विश्रांतीची वेळ, शिफ्टची पद्धत यांत कामगारांच्या अटींवर परिणाम होईल असा बदल करायचा असेल तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ मध्ये ही अट होती आणि औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 मध्येही ती कायम आहे. युनियनशी करार करून बदल होत असेल तर गोष्ट वेगळी. कायदा बाजूला ठेवला तरी हे 21 दिवस लागतातच. कोणाची बायको दुसऱ्या कंपनीत सेकंड शिफ्टला असते, कोणाचं मूल सकाळी शाळेत सोडायचं असतं, कोणाच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी रात्री दहाला सुटते. घरच्या या जुळण्या एका रात्रीत बदलता येत नाहीत.

म्हणून नोटिशीवर दोन तारखा ठळक हव्यात, लावल्याची आणि अंमल सुरू होण्याची. आपल्या उदाहरणात नोटीस शुक्रवार, 12 जून 2026 ला लावली आणि नव्या शिफ्ट सोमवार, 6 जुलैच्या सकाळी 7 पासून सुरू केल्या, तर मुदत नीट बसते. अंमल सोमवारीच सुरू करावा. आठवड्याच्या मध्ये बदल केला तर जुन्या सेकंड शिफ्टमधून रात्री 12 ला सुटलेला माणूस लगेच सकाळी 7 ला पुन्हा गेटवर उभा राहतो, आणि पहिल्याच आठवड्यात खाडे वाढतात.

आणखी एक गोष्ट पहिल्या परिच्छेदातच लिहा, कारण सगळ्यांच्या डोक्यात तीच असते: "शिफ्ट साडेआठ तासांवरून आठ तासांची होत आहे. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी त्यातच धरली आहे. पगारात काहीही कपात होणार नाही." ही तीन वाक्यं नसली तर दुपारपर्यंत कँटीनमध्ये पगार कमी झाल्याची बातमी पसरते.

तीन लेट मार्क म्हणजे हाफ डे

हा नियम इतक्या ठिकाणी दिसतो की तो कायद्यातलाच असावा असं वाटू लागतं. तसं नाही. गैरहजेरीची कपात जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच वेळेची करता येते. हिशेब करून बघा. रोज 640 रुपये आणि आठ तासांची शिफ्ट, म्हणजे तासाला 80 रुपये. महिन्यात तीन वेळा बारा-बारा मिनिटं उशीर झाला तर एकूण 36 मिनिटं होतात, त्याचे 48 रुपये. हाफ डे कापला तर 320 रुपये जातात. वरचे 272 रुपये गैरहजेरीचे नाहीत, तो दंड झाला.

दंड करता येत नाही असं नाही, पण त्याची वाट वेगळी आहे. कोणत्या चुकीला दंड होतो याची मंजूर यादी आधी लावलेली असावी लागते, कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि वसूल झालेला पैसा कामगारांच्याच हितासाठी वापरायचा असतो. पगारपत्रकात गुपचूप हाफ डे टाकताना यातलं काहीच होत नाही. पेस्लिप हातात पडली की कामगार हिशेब मांडतो, आणि त्या 272 रुपयांचं उत्तर टाइम ऑफिसकडे नसतं.

त्याऐवजी पायऱ्या लिहा. दहा मिनिटांपर्यंत सूट. त्यापुढे जेवढी मिनिटं उशीर तेवढ्याच मिनिटांची कपात. महिन्यात चौथ्यांदा उशीर झाला तर सुपरवायझर बोलावून कारण विचारेल आणि ते रजिस्टरमध्ये लिहील. पुढच्या महिन्यातही तसंच चाललं तर लेखी समज. सवयीने उशिरा येणाऱ्याला आवरायला हे पुरतं, आणि एरवी वेळेवर येणाऱ्याला एका पंक्चरपायी अर्धा दिवस गमवावा लागत नाही. सूट दिलेल्या दहा मिनिटांबद्दलही स्पष्ट लिहायला हवं: 7:11 ला आलेला माणूस एक मिनिट उशिरा धरायचा की अकरा? मी एकच धरीन. पण तुम्ही काहीही ठरवा, कागदावर लिहा.

पंच मशिनचा दोष माणसाच्या माथी

ही चूक नोटिशीत दिसत नाही, गेटवर दिसते. फर्स्ट शिफ्टला 80 माणसं आणि पंच मशिन एकच. प्रत्येकाला पाच सेकंद धरली तरी रांग संपायला साडेसहा मिनिटांच्या वर लागतात. म्हणजे 6:55 ला गेटमध्ये शिरलेल्या शेवटच्या माणसाचा पंच 7:01 नंतर पडतो. सूट न देता "7:00 नंतर लेट" असं लिहिलं, तर वेळेवर आलेल्या माणसालाच तुम्ही लेट ठरवता. नोटीस लावण्याआधी एक दिवस गेटवर उभं राहून ही रांग घड्याळ लावून मोजा. मशिनचं घड्याळ आणि शॉप फ्लोअरवरचं घड्याळ यांत फरक आहे का, तेही बघा.

शिवाय कूलंट, ऑइल आणि बर यांत काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे बोट चार-चार वेळा ठेवूनही मशिन घेत नाही. यासाठी नोटिशीत असं लिहा: "मशिनवर पंच झाला नाही तर तिथेच गेटवरच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून सिक्युरिटीची सही घ्यावी. ती वेळ हजेरीसाठी धरली जाईल." महत्त्वाचं आहे ते "तिथेच". महिनाअखेरीस आठवणीवर हजेरी दुरुस्त करायला बसलं की ज्याची ओळख त्याची हजेरी लागते.

कंपनीची बस उशिरा आली तर त्या बसमधल्या कोणालाही लेट मार्क नाही, हेही एका वाक्यात येऊ द्या.

नाईटची सुट्टी नक्की कधी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. "साप्ताहिक सुट्टी रविवार" एवढंच लिहिलं की नाईटवाला विचारतो, मी शनिवारी रात्री 11 ला आलो आणि रविवारी सकाळी 7 ला सुटलो, मग माझा रविवार गेला कुठे? कायद्यानुसार त्याची सुट्टी शिफ्ट संपल्यापासून सलग 24 तास, म्हणजे रविवारी सकाळी 7 ते सोमवारी सकाळी 7. हजेरीही शिफ्ट ज्या तारखेला सुरू झाली त्याच तारखेला लागते. दोन्ही गोष्टी लिहूनच टाका.

आता शिफ्ट दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाईट आणि परत फर्स्ट अशी फिरली तर काय होतं ते बघा. फर्स्टमधून सेकंडला जाणाऱ्याला शनिवारी दुपारी 3 ते सोमवारी दुपारी 3 असे 48 तास मिळतात. सेकंडमधून नाईटला जाणाऱ्यालाही 48. नाईटमधून फर्स्टला येणारा मात्र रविवारी सकाळी 7 ला सुटतो आणि सोमवारी सकाळी 7 ला परत मशिनवर असतो. त्या 24 तासांतला निम्मा वेळ झोपेत आणि प्रवासात जातो. कायद्यात बसतं, पण आठवडाभर रात्री जागलेल्या माणसाच्याच वाट्याला सगळ्यात कमी सुट्टी येते, आणि त्या सोमवारी स्क्रॅप आणि बोटाला इजा होण्याची भीती दोन्ही वाढतात. परवडत असेल तर शनिवारची नाईट बंद ठेवा, म्हणजे त्यालाही 48 तास मिळतील. ते जमत नसेल तर शिफ्ट उलटी फिरवा, नाईटनंतर सेकंड. मग कोणालाच 32 तासांपेक्षा कमी सुट्टी मिळत नाही, फक्त दर आठवड्याला अलीकडची वेळ झोपेला जड जाते. कोणती पद्धत हवी हे नोटीस काढण्याआधी कामगारांनाच विचारा.

रिलीव्हरचं कलमही याच भागात येऊ द्या. सकाळी 7 ला बदली माणूस आला नाही तर नाईटवाल्याने मशिन सोडायचं की नाही? "सुपरवायझरला सांगून जाता येईल. थांबायला सांगितल्यास ती वेळ ओव्हरटाइम धरली जाईल आणि दुप्पट दराने मिळेल. थांबणं सक्तीचं नाही." असं लिहिलं की सकाळी 7 ला होणारे वाद होत नाहीत.

कडक कारवाईऐवजी काय लिहावं

सुरुवातीचा मजकूर आता असा होतो:

"सर्व कामगार बंधू-भगिनींना, सोमवार 6 जुलै 2026 पासून कारखाना तीन शिफ्टमध्ये चालेल. वाढलेल्या ऑर्डर वेळेत देता याव्यात म्हणून हा बदल आहे. पगारात कपात नाही. कोणाची कोणती शिफ्ट, याचा चार आठवड्यांचा तक्ता सोबत लावला आहे. घरच्या अडचणीमुळे शिफ्ट बदलून हवी असल्यास 26 जूनपर्यंत टाइम ऑफिसमध्ये अर्ज द्यावा. अर्जाचे उत्तर 1 जुलैपर्यंत लेखी मिळेल. हे नियम कंत्राटी कामगारांना आणि स्टाफलाही लागू आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. कामगारांना पंच आणि ऑफिसच्या स्टाफला सही, अशी दोन मापं दिसली की बाकीची नोटीस कितीही नीट लिहिलेली असो, कोणी ती मनावर घेत नाही.

उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं असतील तर मराठीशेजारी हिंदी प्रत लावा आणि शिफ्ट सुरू होताना दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवा. अक्षर एवढं ठेवा की बोर्डापासून चार-पाच पावलांवरूनही वाचता येईल. सह्या घेणार असाल तर वर "नोटीस वाचली" असंच लिहा, "मान्य आहे" नको. माहिती मिळाल्याची सही आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीची सही मागितली की लोक पेन खाली ठेवतात, आणि मग नोटीस पोचल्याची नोंदही हाती राहत नाही. सही नाकारणाऱ्यावर जबरदस्ती करू नका. दोन साक्षीदारांसमोर नोटीस वाचून दाखवून तशी नोंद ठेवली की काम होतं.