नेट स्लो आहे? राऊटर स्लॅबवर चढवण्याआधी या चुका टाळा

नेट स्लो झालं की गावात पहिलं काम म्हणजे स्पीडटेस्ट मारायची आणि दुसरं म्हणजे राऊटर आणखी उंचावर नेऊन ठेवायचा, पण बिघाड नेमका कुठे आहे हे या दोन्हींनी कळत नाही. स्पीडटेस्टच्या एका आकड्यात तुमचा वायफाय, टॉवर आणि कंपनीचं पुढचं नेटवर्क सगळंच मिसळलेलं असतं. घरात सिमवाला ४जी राऊटर असेल (खेड्यांत अजून बऱ्याच घरी तोच असतो, म्हणून मी त्याच्यावरच लिहितोय) तर रस्त्याचे तीन तुकडे करा, मोबाईल-लॅपटॉप ते राऊटर, राऊटर ते टॉवर, आणि टॉवरच्या पुढचं, आणि एकेक तुकडा तपासा.

दारव्हा तालुक्यातल्या एका घरचं उदाहरण घेऊ. सपाट काळी जमीन, चारही बाजूला कपाशी-तूर, आणि स्लॅबवर उभं राहिलं की दोन गावांचे टॉवर डोळ्यांनी दिसतात. राऊटर जिन्याच्या वरच्या खोलीत ठेवलेला, वायफाय खालपर्यंत येतो, आणि पोरीचा ऑनलाइन क्लास दर दोन मिनिटांनी अडकतो. तिचा प्रश्न एकदम बरोबर होता: "टावर तं फुल्ल दाखवते भाऊ, मंग काऊन अटकते?"

चूक: डायरेक्ट बाहेर पिंग मारणं, तेही चारच

पिंग म्हणजे छोटंसं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. आधी राऊटरला पिंग मारा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` टाकलं की Default Gateway समोर राऊटरचा पत्ता दिसतो, बहुतेक 192.168 ने सुरू होणारा. विंडोज स्वतःहून फक्त ४ पिंग मारतं, तेवढ्यावर काही ठरवता येत नाही, म्हणून ५० मारा. आणि त्या वेळी घरातल्या बाकी मोबाईलचा वायफाय बंद ठेवा, कारण कोणाच्या तरी फोनमधून फोटोंचा बॅकअप चालू असला तर बाहेरचा पिंग त्यानेच वाढतो आणि तुम्ही उगाच टॉवरला दोष देत बसता. खालच्या पहिल्या ओळीत 192.168.1.1 च्या जागी तुमच्या राऊटरचा पत्ता टाका, दुसऱ्या ओळीतला 8.8.8.8 हा बाहेरचा, गुगलचा सर्व्हर आहे.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

राऊटरचा पिंग ५ मिलिसेकंदाच्या आसपास आणि Lost शून्य असेल तर वायफाय ठीक आहे, तिकडे वेळ घालवू नका. तोच ५०-१०० वर उड्या मारत असेल किंवा पॅकेट हरवत असतील तर राऊटरजवळ जाऊन पुन्हा मारा. जवळ गेल्यावर सुधरला तर भानगड भिंतींची नाहीतर टिनाची आहे, सिमची नाही.

या घरी राऊटरपर्यंत ३ मिलिसेकंद आणि एकही पॅकेट हरवलं नाही. 8.8.8.8 ला मात्र सरासरी १८०, आणि ५० पैकी ६ हरवले. म्हणजे वायफाय सुटला, बिघाड राऊटरच्या पुढे.

चूक: ट्रेसराऊटमधले तारे पाहून घाबरणं

```
tracert -d 8.8.8.8
```

ट्रेसराऊट म्हणजे डेटा वाटेत कोणकोणत्या राऊटरमधून जातो ते एकेका ओळीत, वेळेसकट दाखवणारी ही कमांड. `-d` लावलं की नावं शोधत बसत नाही, लवकर होतं. यात मध्येच एखाद्या ओळीत तीन तारे येतात, आणि लोक स्क्रीनशॉट काढून पाठवतात की बघा इथं लाईन तुटली. तसं नसतं, मधले बरेच राऊटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत किंवा सवडीने देतात, पण तुमचा डेटा पुढे नेतच असतात. शेवटची ओळ नीट येत असेल तर मधले तारे सोडून द्या. एखादी ओळ २०० दाखवते आणि त्याच्या पुढची परत ५० वर येते, तेव्हाही बिघाड नाही. वेळ ज्या ओळीपासून वाढला तो शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच ती जागा पकडायची.

आता खास मोबाईल नेटची गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते: ट्रेसराऊटमध्ये टॉवर दिसतच नाही. पहिली ओळ तुमच्या राऊटरची, आणि त्यानंतरची ओळ थेट कंपनीच्या आतल्या मोठ्या यंत्रणेची, टॉवर आणि टॉवरपासून पुढे जाणारी लाईन हे सगळं या दोन ओळींच्या मधल्या फरकात लपलेलं असतं. इथं पहिल्या ओळीत २ आणि दुसरीतच १७० होते, पुढे शेवटपर्यंत तेवढेच. म्हणजे गडबड त्या लपलेल्या भागात, आणि तो उघडायला सिग्नलचे आकडे लागतात.

चूक: दांड्या मोजणं

राऊटरचं पान ब्राउझरमध्ये उघडा (तोच 192.168 वाला पत्ता, पासवर्ड सहसा राऊटरच्या खाली चिकटवलेला असतो) आणि त्यात RSRP, SINR आणि PCI शोधा. RSRP म्हणजे सिग्नलचा जोर. तो उणे असतो म्हणून -९५ हा -१०५ पेक्षा चांगला, आणि -११० च्या खाली गेला की त्रास सुरू होतो. SINR म्हणजे तो सिग्नल बाकीच्या गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो. १३ च्या वर चांगला, शून्याजवळ म्हणजे हाल. PCI हा तुम्ही टॉवरच्या कोणत्या बाजूला जोडलेले आहात त्याचा नंबर.

दांड्या मुख्यतः जोरावर ठरतात, स्वच्छतेवर नाही. एका कंपनीचे शेजारशेजारचे ४जी टॉवर साधारण एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, त्यामुळे लग्नात दोन बँड शेजारी वाजले की आवाज भरपूर पण गाणं एकही कळत नाही तसं होतं. या घरी जिन्याच्या खोलीत RSRP -९२ म्हणजे मस्त, पण SINR फक्त १, आणि PCI दोन नंबरांमध्ये सारखा बदलत होता. उंचावर ठेवल्यामुळे राऊटरला दोन्ही गावांचे टॉवर सारखेच जोरात ऐकू येत होते.

म्हणून राऊटर खाली आणला, पूर्वेकडच्या टॉवरकडे तोंड असलेल्या खिडकीत, म्हणजे घराच्या भिंतीच दुसऱ्या टॉवरला अडवतील. जागा बदलली की अर्धा मिनिट थांबायचं, आकडे लगेच बसत नाहीत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, जागा तरी नाहीतर दिशा तरी. खिडकीत RSRP -९८ झाला, एक दांडी कमी झाली, घरच्यांना वाटलं बिघडवलं. पण SINR १४ वर गेला, PCI एकच टिकला, 8.8.8.8 चा पिंग ४८ वर आला आणि ५० पैकी एकही हरवलं नाही.

तुमच्याकडे उलटंही निघू शकतं. RSRP च -११५ असेल तर उंची किंवा बाहेरचा अँटेना खरंच कामी येतो, म्हणून आधी आकडे पहा, मग शिडी लावा. टिनाच्या घरात राऊटर मधल्या खोलीतून काढून खिडकीत ठेवला तरी RSRP मध्ये बराच फरक पडतो.

चूक: दिवसात एकदाच तपासून मोकळं होणं

त्याच खिडकीत रात्री ९ ला पिंग परत १३० झाला, SINR मात्र १४ चा १४. सकाळी ६ ला पुन्हा ४७. सिग्नल तोच आणि पिंग फक्त संध्याकाळी वाढतो म्हणजे टॉवरवर गर्दी आहे नाहीतर टॉवरच्या मागची लाईन भरली आहे, तिथं अँटेना, नवा राऊटर, महागडा प्लॅन यापैकी काहीच कामाचं नाही. मोठी डाउनलोड पहाटे लावा, आणि पैसे घालायचेच असतील तर आधी दुसऱ्या कंपनीचं सिम मागून आणून त्याच खिडकीत रात्री ९ चेच आकडे घ्या.

कस्टमर केअरला फोन केला तर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका, ते राऊटर रिस्टार्ट करायला लावतात आणि तक्रार बंद होते. तारीख, वेळ, PCI, RSRP, SINR, राऊटरपर्यंतचा पिंग आणि ट्रेसराऊटच्या दुसऱ्या ओळीचा वेळ, सकाळचा आणि रात्रीचा दोन्ही, हे लिहून घ्या, तक्रारीत तसंच नोंदवायला लावा आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.