हरवलेल्या मुलाचं पोस्टर फॉरवर्ड करताना या चुका टाळा

रात्री साडेदहाला मावशीने एक पोस्टर पाठवलं. शाळेच्या गणवेशातला मुलगा, वय ६ वर्षे, ‘काल संध्याकाळी सक्करदरा भागातून हरवला’, म्हणजे आमच्या नागपुरातूनच, खाली मोबाइल नंबर. मागोमाग तिचा फोन: “काऊन रे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं नाहीस अजून? त्याची माय रडून राहिली असंल.”

पोस्टरवर ‘काल’ होतं, तारीख नव्हती. असं पोस्टर कधीच शिळं होत नाही, तीन वर्षांनी उघडलं तरी मूल कालच हरवलेलं असतं. म्हणून पहिली चूक म्हणजे तारीख, ठिकाण आणि पोलीस ठाण्याचं नाव न शोधता पुढे ढकलणं. अर्थात ठाण्याचं नाव नाही म्हणजे पोस्टर खोटंच, असंही नाही. पहिल्या तासाभरात घाबरलेले आईबाप फक्त फोटो आणि नंबर टाकतात.

मग मी चित्र मोठं करून पाहिलं. कागदाचा रंग सगळीकडे किंचित पिवळसर, नंबरच्या मागे मात्र पांढरीशुभ्र पट्टी. वय मराठी आकड्यात, नंबर इंग्रजी आकड्यात. बाकी अक्षरं पुन्हापुन्हा पाठवून फुटलेली, नंबर आणि ‘सक्करदरा’ तेवढे धारदार. जुनं खोडून नवं लिहिलं की असंच दिसतं.

फोटो तपासताना बहुतेक जण अख्खं पोस्टर गूगल लेन्समध्ये टाकतात. लेन्स मग अक्षरांच्या मागे जातं. मजकूर कापून नुसता फोटो ठेवायचा, मागची भिंत, फाटक यांसकट. तसं केल्यावर तोच मुलगा, तीच निळी भिंत एका हिंदी बातमीत सापडली. राज्य दुसरं, बातमी काही वर्षांपूर्वीची, आणि मुलगा दोन दिवसांत घरी पोहोचलेला. काहीच सापडलं नसतं, तर मात्र त्यावरून पोस्टर खरं ठरलं नसतं. आजच काढलेला फोटो नेटवर कुठून असणार?

तोवर मावशीने नंबर लावलाही होता. पलीकडचा म्हणाला, मुलगा सापडला, पण लागलंय, दवाखान्यात आहे, औषधाला पैसे हवेत, क्यूआर पाठवतो. मावशीने विचारलं, “मेडिकलमध्ये हाय का मेयोत?” फोन कट. ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं, इथला माणूस यातलं एक तरी नाव घेतो, यानं घेतलं नाही.

नंबर खरा की खोटा हे त्याच नंबरवर फोन करून कळत नाही, कारण उचलणारा ‘मीच वडील’ म्हणणारच. ट्रूकॉलरवरचं नावही पुरावा नाही. ठाण्याचा नंबरसुद्धा पोस्टरवरून घेऊ नका, पोलिसांच्या वेबसाइटवरून घ्या आणि अशी नोंद आहे का ते विचारा. मूल अठराच्या आतलं असेल तर नुसती ‘मिसिंग’ नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश २०१३ चा आहे. ‘२४ तास थांबा’ असा नियम नाही.

आणि तुम्हाला ते मूल खरंच दिसलं, तर? तेव्हाही पोस्टरवरच्या नंबरवर नाही, ११२ वर किंवा मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर सांगा. स्टेशनवर असाल तर रेल्वे पोलिसांना. मग नंबर बदललेला असला तरी तुमची माहिती चुकीच्या हातात जात नाही. मोठ्या माणसांच्या पोस्टरला तर हे जास्तच लागू. हरवलेली म्हणून जिचा फोटो फिरतोय ती बाई मारहाणीला कंटाळून स्वतःहून निघालेली असू शकते, आणि नंबर मारणाऱ्याचाच, अगदी खरा. ती धंतोलीत दिसली हे त्याला सांगणं म्हणजे तिचा पत्ता देणं. पोलीस आधी तिला विचारू शकतात.

सगळे बदल लबाडीनेच होतात असं नाही. चित्र अंधुक झालं म्हणून कुणीतरी खाली नंबर टाइप करतं, एक आकडा चुकतो आणि भलत्याच माणसाचा फोन रात्रभर वाजतो. चित्रातला आणि खालचा नंबर जुळत नसेल तर पाठवू नका, आणि दुरुस्त करून नवं पोस्टरही बनवू नका. ‘फेक’ शिक्का मारून तेच चित्र परत फिरवणंही नको. त्यातला मुलगा खरा आहे आणि आता मोठा झाला आहे. मी ग्रुपवर चित्राशिवाय दोन ओळी टाकल्या.

स्वतःच्या घरचं पोस्टर करायची वेळ आलीच तर तारीख पूर्ण, वर्षासकट लिहा. ठाण्याचं नाव आणि नोंदीचा क्रमांक फोटोच्याच एका कडेवर छापा, चेहऱ्यापासून सहज कापता येणार नाही असा. फोन करणाऱ्याने ‘मूल आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ म्हटलं तर पोस्टरवर न लिहिलेली एखादी खूण विचारा, जसं गुडघ्यावरचा डाग किंवा चपलेचा रंग, आणि तो नंबर लगेच तपास अधिकाऱ्याला द्या. अशी एक खूण मुद्दाम पोस्टरवर टाकायचीच नाही.