"सोनं सोडवाले किती लागतीन?" स्टेटमेंटचा फोटो पाहून सांगणाऱ्या नव्या बँक मित्रांसाठी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जानेवारी लागला की कापूस विकून हातात थोडा पैसा आलेला असतो आणि लग्नाच्या तारखाही निघालेल्या असतात, मग सेंटरवर रोज दोन-चार जण मोबाईल पुढे करून एकच विचारतात, सोनं सोडवाले किती लागतीन. मोबाईलमध्ये स्टेटमेंटचा फोटो असतो, पोरानं नाहीतर जावयानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला, तिरपा, अर्धा सावलीत. तुम्ही नवीन बसला असाल तर डेबिट क्रेडिट तुम्हाला कळतं असं मी धरून चालते. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण तिच्यापायी माझ्यामुळे एका माणसाला पोरीच्या लग्नाच्या धावपळीत शाखेतून रिकाम्या हातानं परत यावं लागलं, आणि ते मला अजून विसरता येत नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवारची संध्याकाळ. गावातले एक काका आले. पेरणीच्या वेळी तीन तोळ्यांच्या पाटल्या आणि पोत ठेवून शेतीचं सोनेतारण कर्ज घेतलेलं, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन सोडवून आणायचं होतं. फोटोत वर १० टक्के व्याजदर लिहिलेला आणि खाली इतकंच:

```
12-06-2024  LOAN DISB   1,46,000.00   Bal 1,46,000.00 Dr
25-11-2024  BY CASH       20,000.00   Bal 1,26,000.00 Dr
17-01-2025  Closing Balance               1,26,000.00 Dr
```

मी शेवटची ओळ पाहिली आणि सांगितलं, काका एक लाख सव्वीस हजार आहेत, वर हजार ठेवा. ते एक लाख सत्तावीस हजार घेऊन गेले. शाखेत सांगितलं एक लाख चौतीस हजार पाचशे त्र्याहत्तर. साडेसात हजार कमी. दुपारी फोन आला, "पोरी, तू तं सव्वीस म्हनली होती ना," एवढंच बोलले, रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आता फसगत कुठं झाली ते नीट सांगते, थोडं लांबेल पण इथंच सगळं आहे. साध्या कर्जात बँक दर महिन्याच्या शेवटी व्याज खात्यात नावे टाकते, स्टेटमेंटमध्ये `INT` किंवा `Interest` अशी ओळ दिसते आणि बॅलन्स वाढत जातो. शेतीच्या कर्जात सहसा असं होत नाही, पिकाच्या हंगामाप्रमाणे सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं व्याज खात्यात चढतं. तोपर्यंत ते कुठं असतं? कॉम्प्युटर रोज मोजत असतो आणि बाजूला ठेवत असतो. ते स्टेटमेंटच्या रकान्यात येत नाही, म्हणून सात महिने झाले तरी बॅलन्स जिथल्या तिथं दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं व्याज लागलंच नाही, किंवा माझ्यासारखं वाटतं की ह्यातच आलं असेल. आलेलं नसतं. क्लोजिंग बॅलन्स म्हणजे खात्यावर आजपर्यंत जे चढलं ते, आणि सोडवायची रक्कम म्हणजे ते अधिक न चढलेलं व्याज अधिक राहिलेले चार्जेस. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फोटोत पहिलीच दिसते.

त्यामुळे फोटो हातात आला की आधी शेवटची ओळ पाहू नका. डेबिटच्या रकान्यात व्याजाची शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे ते शोधा. समजा ३१ डिसेंबरची आहे, तर १ जानेवारीपासून पुढचं व्याज तुम्हाला स्वतः काढून मिळवायचं. एकही ओळ नसेल, तर कर्ज उचललं त्या दिवसापासूनचं सगळं काढायचं. आणि स्टेटमेंटची पहिली ओळच `B/F` असेल तर उचल आधीच्या पानावर आहे, तेव्हा तारण पावती किंवा मंजुरीपत्र मागवा, अंदाजानं तारीख धरू नका.

काकांचा हिशोब मी त्या रात्री वहीत बसून केला तो असा. १२ जूनपासून २५ नोव्हेंबरपर्यंत १,४६,००० वापरात होते. दिवस बोटावर मोजू नका, मोबाईलच्या शीटमध्ये एक तारीख दुसरीतून वजा करा:

```
=DATE(2024,11,25)-DATE(2024,6,12)     166
=146000*10*166/36500                  6640
```

म्हणजे रोजचे ४० रुपये, १६६ दिवसांचे ६,६४०. मग २५ नोव्हेंबरला २० हजार भरले, बॅलन्स १,२६,००० झाला, तिथून रोजचे ३४ रुपये ५२ पैसे. २० जानेवारीपर्यंत ५६ दिवस:

```
=126000*10*56/36500                   1933.15
```

६,६४० आणि १,९३३ मिळून ८,५७३ व्याज. मुद्दल १,२६,०००. एकूण १,३४,५७३, शाखेनं सांगितलेला तोच आकडा. इथं नवीन लोक दोन चुका करतात. एक म्हणजे सगळ्या २२२ दिवसांचं व्याज आजच्या बॅलन्सवर काढतात, मग ते कमी येतं, किंवा पहिल्या रकमेवर काढतात, मग जास्त येतं. मधे पैसे भरले असतील तर हिशोबाचे तुकडे पडणारच, जितक्या वेळा भरले त्यापेक्षा एक जास्त.

दुसरी चूक जरा बारीक आहे. भरलेले २० हजार मुद्दलात गेले की व्याजात? काही ठिकाणी पैसे भरताना आधी तोवरचं व्याज नावे टाकतात आणि मग भरणा जमा करतात. तसं असतं तर २५ नोव्हेंबरला व्याजाची ६,६४० ची ओळ दिसली असती आणि बॅलन्स १,३२,६४० झाला असता. काकांच्या फोटोत ती ओळ नाही, बॅलन्स सरळ १,२६,००० वर आला, म्हणजे मुद्दल कमी झालं आणि व्याज बाजूला तसंच राहिलं. भरल्या दिवशी दोन्ही रीतींनी एकूण देणं सारखंच येतं, फरक पुढं पडतो, कारण १,३२,६४० वर रोजचे ३६ रुपये ३४ पैसे लागतात. ५६ दिवसांत शंभर रुपयांच्या आसपास, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण "मुद्दल किती राहिलं" असं कोणी विचारलं तर उत्तर सहा हजारांनी बदलतं.

आता फोटोबद्दल. धूसर फोटोत ३ आणि ८, ६ आणि ० एकसारखे दिसतात, झूम करून डोळे फोडण्यापेक्षा बेरीज करून पाहा: आधीचा बॅलन्स, त्यात डेबिट मिळवा, क्रेडिट वजा करा, पुढचा बॅलन्स जुळला पाहिजे. नाही जुळला तर एकतर आकडा चुकीचा वाचलाय किंवा मधली ओळ कापली गेलीय. व्याजदर नीट दिसत नसेल आणि व्याजाच्या ओळी असतील तर त्यावरून दर उलटा काढता येतो, १,४६,००० वर ३१ दिवसांचे १,२४० लागले असतील तर दर १० टक्केच आहे. पण काकांसारख्या खात्यात व्याजाची ओळच नसते, तिथं दर तपासायला काही साधन नाही, मंजुरीपत्रच पाहावं लागतं. पाठवणाऱ्याला सांगा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, तो आकसत नाही.

एक मनातलं बोलते. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, खालचा बॅलन्स पाहायचा अन् सांगून द्यायचं, गर्दीत एवढा वेळ नसतो. मी ऐकलं. आता मला वाटतं, जो सिनियर एकदाही कागदावर हिशोब मांडून दाखवत नाही त्याच्याकडून गर्दी हाताळायला शिका, हिशोब शिकू नका. आणि ईएमआयची ॲप तर ह्या कामाला लावूच नका, ती हप्त्याच्या कर्जासाठी असतात, सोनेतारणात मुद्दल आणि व्याज बहुतेक वेळा शेवटी एकदम भरायचं असतं, त्यात ते ॲप भलताच आकडा देतं आणि तो पैशापर्यंत नेमका दिसतो म्हणून माणूस विश्वास ठेवतो.

चार्जेसचं थोडक्यात. मूल्यांकन फी, प्रोसेसिंग फी सहसा सुरुवातीलाच कापलेली असते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. मुदत उलटून गेली असेल तर दंड लागतो, पण रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला काढलेल्या परिपत्रकानंतर बँकेला तो व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा चार्ज म्हणून घ्यावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. म्हणून मुदत संपलेल्या खात्यात तुमचा आकडा आणि शाखेचा आकडा जुळला नाही तर वेगळी दंडाची रक्कम किती ते विचारायला सांगा. पतसंस्थेला हे नियम लागू नाहीत, ती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, तिथं त्यांचा करार वाचायचा.

आणि सोनं त्याच दिवशी हातात येईलच असं ग्राहकाला सांगू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत पूर्ण पैसे भरल्यावर शक्यतो त्याच दिवशी, जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत तारण परत द्यायचं आहे, आणि उशीर कर्ज देणाऱ्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे निर्देश १ एप्रिल २०२६ पर्यंत सगळ्यांनी लागू करायचे होते. लग्न तोंडावर असलेल्या घराला हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर हळदीच्या दिवशी पाटल्या बँकेतच असायच्या.

तुमचा आकडा शाखेच्या आकड्याशी एक-दोन दिवसांच्या व्याजानं चुकला तर मनाला लावून घेऊ नका, कोणी भरायचा दिवस मोजतं, कोणी नाही. हजारात चुकला तर मात्र थांबा, कुठलीतरी ओळ सुटली आहे. आणि जायच्या आधी शाखेत फोन करून "आज खातं बंद करायची रक्कम किती" असंच विचारायला लावा, "बॅलन्स किती" असं विचारलं तर तेही बॅलन्सच सांगतील.

मी आता चिठ्ठीवर तीन ओळी लिहून देते. काकांची चिठ्ठी तेव्हा लिहिली असती तर अशी झाली असती:

```
मुद्दल                1,26,000
व्याज (20 जानेवारी)      8,573
पुढे रोज                  35
```

तिसरी ओळ मी आधी लिहीत नव्हते. काकांनी त्या रात्री भावाकडून पैसे उसने घेतले आणि २१ तारखेला परत गेले, पावती १,३४,६०८ ची आली, माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा बरोबर एका दिवसाचे ३५ रुपये जास्त. पावतीचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "पोरी सोनं आलं घरी".